वर्ग हाताबाहेर जातोय? सहा आठवड्यांचा सुधारणा आराखडा कसा करावा



"त्या मॅडमचा वर्गावर वचक नाही." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने स्टाफरूममध्ये कधी ना कधी ऐकलेलं असतं. ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांच्या कानावरही ते जातंच. पण या वाक्यावरून उद्या सकाळी वर्गात नेमकं काय वेगळं करायचं, हे कुणालाच कळत नाही. मग दोनच गोष्टी होतात. एक तर त्या शिक्षिकेचा आवाज आणखी चढतो, नाहीतर 'माझा वर्ग बदलून द्या' असा अर्ज येतो. वर्ग बदलतो, पण दोन महिन्यांनी नवीन वर्गातही तेच सुरू होतं.

आज या लेखात मी तिसऱ्या वाटेबद्दल सांगणार आहे. अडचणीत असलेल्या शिक्षकासोबत बसून, तारखा ठरवून, मोजता येतील असे निर्देशक लावून केलेला सुधारणा आराखडा. आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत इयत्ता तिसरीसाठी असा आराखडा राबवला गेला. त्यात वर्गनिरीक्षणाचं काम माझ्याकडे होतं. ओळख पटू नये म्हणून शाळेचं आणि मॅडमचं नाव देत नाही. मॅडम शिक्षणसेवक होत्या, दुसरं वर्ष चालू होतं. पटावर ३४ मुलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने विचारलं होतं, "तिसरीत शिकवणं चालतं की नुसता गोंधळ?" दोन पालक दाखला काढायच्या गोष्टी करत होते. आणि मॅडमना वाटत होतं की आपला तीन वर्षांचा शिक्षणसेवक कालावधी आता नीट पूर्ण होत नाही.

आधी 'नियंत्रण' या शब्दाचे तुकडे करा

'वर्गनियंत्रण सुधारावे' असं कागदावर लिहिलं तर तो आराखडा होत नाही, तो शेरा होतो. सुधारलं की नाही हे कोण ठरवणार? मुख्याध्यापकांचा मूड? म्हणून पहिलं काम म्हणजे नियंत्रण म्हणजे काय ते अशा शब्दांत मांडायचं की वर्गात मागे बसलेली कोणतीही दोन माणसं तोच आकडा लिहितील.

आम्ही चारच गोष्टी घेतल्या. पहिली, घंटा झाल्यापासून निम्म्या मुलांची पेन्सिल वहीवर चालू होईपर्यंत किती मिनिटं गेली. दुसरी, दर पाच मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवून किती मुलं दिलेल्या कामात आहेत ते मोजायचं. ३५ मिनिटांच्या तासात अशा सहा नजरा होतात. तिसरी, "शांत बसा", "गप्प", "काय चाललंय तिकडे" अशी गप्प करणारी वाक्यं किती वेळा आली. चौथी, मुलाने नेमकं काय बरोबर केलं हे सांगणारी शाबासकी किती वेळा आली. नुसतं "छान" हे चौथ्यात धरायचं नाही. "दुसऱ्या रांगेने वह्या न बोलता काढल्या" हे धरायचं.

शांतता आम्ही मुद्दाम मोजली नाही. गटात गणित सोडवणारी मुलं बोलणारच. उलट पूर्ण शांत वर्गात दहा मुलं खिडकीबाहेर बघत असू शकतात. आवाजाला निर्देशक केलं तर शिक्षक मुलांना गप्प बसवायला शिकतो, कामाला लावायला नाही.

निरीक्षण नेहमी एकाच तासाचं, एकाच व्यक्तीने करायचं. तिसरीत सगळ्यात अवघड तास होता छोट्या सुट्टीनंतरचा, गणिताचा. म्हणून तोच घेतला. चार दिवस बसायचं आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे. कारण मागे नवीन माणूस बसलं की पहिल्या दिवशी मुलंही वेगळी वागतात आणि शिक्षकही. आणखी एक नियम पक्का पाळायचा. निरीक्षकाने वर्गात एक शब्दही बोलायचा नाही. तुम्ही मागून "ए, गप्प बसा रे" म्हणालात, की मुलांच्या नजरेत समोरच्या बाई आणखी लहान होतात.

आकड्यांनी काय सांगितलं

उरलेल्या तीन दिवसांत तास सुरू व्हायला अनुक्रमे ९, ११ आणि ८ मिनिटं लागली. गप्प करणारी वाक्यं ४१, ३६ आणि ३८. नेमकी शाबासकी एका तासाला तीनच्या वर गेली नाही. त्यातल्या पहिल्या दिवशीच्या सहा नजरा अशा होत्या: १४, १८, २१, २०, १७, १५. त्या दिवशी ३२ मुलं हजर होती. म्हणजे सरासरी साडेसतरा, निम्म्याहून जरा जास्त.

आता या सहा आकड्यांकडे नीट बघा. मधल्या दहा मिनिटांत वीस-एकवीस मुलं कामात होती. म्हणजे मॅडमना शिकवता येत नव्हतं असं नाही. पडझड होती ती दोन टोकांना. सुरुवातीला वह्या कपाटातून काढून नावं पुकारून वाटल्या जात. ज्याला वही मिळाली तो बाकीच्या तीसजणांची वाट बघत बसे, आणि आठ वर्षांचं मूल रिकामं वाट बघत बसत नसतं. शेवटी विसाव्या मिनिटापासून हुशार मुलांचं काम संपायचं. "बाई, झालं!" म्हणत ती उठायची, त्यांच्यामागे इतर उठायची, आणि तपासण्यासाठी मॅडमभोवती दहा-बारा जणांचा घोळका व्हायचा. घोळक्यापलीकडचा वर्ग त्यांना दिसतच नव्हता.

जेकब कुनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० साली त्यावर पुस्तक लिहिलं. दंगा झाल्यावर शिक्षक काय करतो, यावरून चांगले आणि अडचणीतले वर्ग फारसे वेगळे पडत नाहीत, असं त्याला दिसलं. फरक पडत होता तो दंगा होण्याआधीच्या गोष्टींनी: सगळ्या वर्गावर नजर आहे का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना खंड पडतो का. तिसरीचा तो तक्ता बघताना मला त्याचीच आठवण झाली. ४१ वेळा "शांत बसा" म्हणणं हा इलाज नव्हता, ते लक्षण होतं.

पहिली बैठक

इथेच बरेच आराखडे फसतात. मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हटलं की समोरच्याला वाटतं, नोटीस आली. शिक्षणसेवकाला तर प्रत्येक कागदाची भीती असते. त्यामुळे बैठकीत सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे, आणि ती लेखी: हा कागद कुठे राहणार? त्या शाळेत मुख्याध्यापक सरांनी लिहून दिलं की निरीक्षणाचे तक्ते मॅडमकडेच राहतील, गोपनीय अहवालासाठी वापरले जाणार नाहीत आणि स्टाफ मीटिंगमध्ये मांडले जाणार नाहीत. हे लिहून द्यायची तयारी नसेल तर आराखडा सुरूच करू नये. कारण मग शिक्षक सुधारणेसाठी नाही, तक्त्यासाठी वागतो.

दुसरी गोष्ट भाषेची. सर म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या तासाला वर्ग सुरू व्हायला नऊ मिनिटं जातात. ती चारवर आणायची आहेत. कशी आणायची ते आपण मिळून बघू." यात मॅडमच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही. मॅडमनी तक्ता हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "म्हणजे मधल्या वेळात वर्ग माझ्याकडे असतो?" तोपर्यंत त्यांना वाटत होतं की पूर्ण तासच हातातून जातोय.

एक सीमारेषाही त्याच दिवशी सांगितली गेली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला बंदी आहे. आराखडा चालू आहे म्हणून त्यात सवलत नाही, आणि "या महिन्यात मारणं निम्म्यावर आणू" असा निर्देशक कधीच असू शकत नाही. तिथे आकडा शून्यच, पहिल्या दिवसापासून. मॅडम मारत नव्हत्या. पण मुलांना वर्गाबाहेर उभं करत होत्या, तेही थांबवायचं ठरलं.

एका पानाचा आराखडा

आराखडा एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपासून सहा आठवडे ठरले. पण कॅलेंडरच्या आठवड्यांवर विसंबून चालत नाही. १५ ऑगस्टची तालीम, सणाच्या सुट्ट्या, केंद्राची शिक्षण परिषद यात दिवस जातात. म्हणून कागदावर 'शाळेचे ३० दिवस' असं लिहिलं. त्याचे दहा-दहा दिवसांचे तीन टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्यात एकच गोष्ट बदलायची ठरवली.

लक्ष्यं अशी होती: तास ४ मिनिटांच्या आत सुरू होणे, सरासरी तीन चतुर्थांश मुलं कामात असणे (३२ हजर असतील तर २४), गप्प करणारी वाक्यं १५ च्या आत, नेमकी शाबासकी किमान ८ वेळा. शेवटच्या तीन निरीक्षणांपैकी दोनमध्ये हे दिसलं तर लक्ष्य गाठलं असं धरायचं. एका चांगल्या दिवसाने कुणी पास होऊ नये आणि एका वाईट दिवसाने नापासही. पावसाचा एक दिवस पुरेसा असतो आकडे बिघडवायला!

पानाच्या उजव्या बाजूला शाळा काय करणार ते लिहिलं होतं, आणि माझ्या मते आराखडा 'सहकार्याचा' आहे की नुसता नावाला, हे याच बाजूवरून कळतं. त्यात तीन गोष्टी होत्या. आठवड्यातून एक तास मॅडमनी चौथीच्या सरांचा वर्ग बघायचा, तेव्हा तिसरी मुख्याध्यापक सांभाळतील. या ३० दिवसांत ऑनलाइन माहिती भरायचं काम मॅडमकडे नाही. आणि दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वीस मिनिटं बसून त्या आठवड्याचा तक्ता बघायचा. शाळेने आपली बाजू किती वेळा पाळली, यावरही शनिवारी खूण करायची. दुसऱ्या आठवड्यात सर पंचायत समितीत अडकले आणि चौथीचा वर्ग बघायचा राहिला. त्या रकान्यात फुली पडली, सरांनीच ती मारली.

पहिला टप्पा: पहिली चार मिनिटं

बदल अगदी साधा होता. सुट्टी व्हायच्या आधी मॅडम फळ्यावर तीन उदाहरणं लिहून ठेवायच्या, तीही आदल्या दिवशीचीच, सगळ्यांना येणारी. प्रत्येक रांगेतलं एक मूल सुट्टीला जाण्याआधी बस्करपट्टीवर वह्या मांडून ठेवायचं. घंटा झाली की मॅडम फळ्याजवळ नाही, दारात उभ्या राहायच्या. आत येणाऱ्या मुलाकडे बघायचं, फळ्याकडे बोट करायचं, बस्स. पहिली चार मिनिटं कुणाची हजेरी नाही, कुणाची तक्रार नाही.

ही पद्धत मुलांना सांगून येत नाही, तिची तालीम घ्यावी लागते. पहिले तीन दिवस दहा-दहा मिनिटं मुलांनी बाहेर जाऊन आत येण्याचा सराव केला. कवायत शिकवतो तसाच. चुकलं तर रागावणं नाही, पुन्हा बाहेर आणि पुन्हा आत.

पहिल्या आठवड्यात आकडा ९ वरून ८ वर आला, एवढंच. गप्प करणारी वाक्यं तर वाढून ४४ झाली. मॅडम शनिवारी म्हणाल्या, "सर, राहू द्या. माझ्याच्याने नाही होणार." इथे घाबरून पद्धत बदलायची नसते. मुलं नवीन नियम खरा आहे का ते ढकलून बघतात, म्हणून पहिला आठवडा बऱ्याचदा असाच जातो. पद्धत बदलायची वेळ कोणती, तर दहा दिवसांनंतरही आकडा तिथेच असेल तेव्हा. इथे दहाव्या दिवशी ५ मिनिटं झाली होती.

दुसरा टप्पा: खूण आणि थांबणं

फळ्याकडून वहीकडे, वहीकडून गटाकडे जाताना वर्ग फुटत होता. त्यासाठी टाळीची खूण ठरली. मॅडम दोन टाळ्या वाजवणार, मुलं दोन टाळ्यांनी उत्तर देणार, पेन्सिल खाली आणि नजर मॅडमकडे. मग एका वेळी एकच सूचना.

चौथ्या आठवड्यात एक गंमत दिसली. कामातल्या मुलांची सरासरी २१ वर गेली, पण गप्प करणारी वाक्यं ३० च्या खाली येईनात. खूण तर मुलं पाळत होती! तक्त्यावर मी वेळही टिपत होतो, त्यातून कारण सापडलं. टाळी वाजवली की लगेच, सेकंदाच्या आत मॅडम बोलायला लागत. तोपर्यंत निम्मीच मुलं थांबलेली असत. उरलेल्यांना गप्प करायला पुन्हा "शांत बसा". म्हणजे सूचना गोंगाटावर टाकली जात होती, आणि मुलं शिकत होती की टाळीनंतरही थोडं बोललेलं चालतं.

उपाय ठरला पाच सेकंदांचा. टाळी झाली की मनात पाच मोजायचे, नजर डावीकडून उजवीकडे फिरवायची, आणि शेवटचं मूल थांबल्यावरच बोलायचं. ऐकायला सोपं आहे. मुलांसमोर पाच सेकंद गप्प उभं राहणं किती जड जातं, ते करून बघा. पहिल्या दिवशी मॅडम तीनलाच बोलल्या. चौथीच्या सरांनी एक युक्ती सांगितली: टाळीनंतर खडू या हातातून त्या हातात घ्यायचा, मगच तोंड उघडायचं. आठवडाभरात वाक्यं २२ वर आली.

तिसरा टप्पा: ज्यांचं आधी होतं त्यांचं काय

कोपऱ्यात एक पेटी ठेवली. तिच्यात कोड्यांची कार्डं, गोष्टीची पुस्तकं, चौकटीचे कागद. काम संपलेल्या मुलाने उत्तरकार्डावरून स्वतःची दोन उदाहरणं आधी तपासायची, मगच पेटीकडे जायचं. ही अट नसेल तर मुलं पेटीसाठी धावत-पळत चुकीचं गणित सोडवतात. मॅडमभोवतीचा घोळका बंद करण्यासाठी तपासायची जागा बदलली. मुलांनी मॅडमकडे यायचं नाही, मॅडम रांगांमधून फिरणार, आणि पाठ नेहमी भिंतीकडे, म्हणजे वाकून वही बघतानाही वर्ग समोर राहतो.

याच टप्प्यात शेवटच्या रांगेतला एक मुलगा तक्त्यावर सारखा दिसू लागला. सहापैकी चार-पाच नजरांत तो कामात नसायचा. वर्ग सुधारत होता तसतसा तो एकटा जास्त उठून दिसत होता. त्याला 'दंगेखोर' म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो कधी कामात असतो ते मॅडमनी बघितलं: तोंडी गणितात असतो, शेजारच्याच्या वहीतून बघून लिहिताना असतो, फळ्यावरून लिहायचं असलं की नसतो. त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि पालकांना बोलावून डोळे तपासायला सांगितलं. चष्मा लागला. आरबीएसकेचं पथक शाळेत तपासणीला येतं, पण त्याची वाट बघत थांबायची गरज नव्हती.

म्हणून सांगतो, सरासरी वर्गाबद्दल बोलते, मुलाबद्दल नाही. एखादं मूल आकड्यांच्या बाहेर सतत राहत असेल तर कान, डोळे, घरची परिस्थिती, विशेष गरज हे आधी बघा. त्याचा हिशेब शिक्षकाच्या आराखड्यात धरू नका.

तिसाव्या दिवसानंतर

शेवटच्या तीन निरीक्षणांत तास सुरू व्हायला ३, ४ आणि ३ मिनिटं लागली. कामातली मुलं सरासरी २४, २६ आणि २३, तिन्ही दिवशी हजेरी ३२ ची. नेमकी शाबासकी ९, ११ आणि ८. गप्प करणारी वाक्यं मात्र १४, १८ आणि १७, म्हणजे १५ च्या आत एकच दिवस. चारपैकी तीन लक्ष्यं गाठली, एक राहिलं. कागदावर तसंच लिहिलं. राहिलेल्या एकासाठी आणखी दहा दिवस दिले आणि बाकी तीन गोष्टी मोजणं बंद केलं.

मुदतवाढ एकदाच द्यावी असं माझं मत आहे. दुसऱ्यांदा वाढवली की आराखडा कायमचा पहारा होतो. काहीच हललं नाही, तर मोजायची गोष्ट चुकली होती का, की शाळेने दिलेला शब्द पाळला नाही, ते आधी तपासा. एकाच खोलीत दोन इयत्ता, किंवा कायद्याने ठरवलेल्या तिसाला एक या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त मुलं असतील, तर पाच सेकंद थांबून ते सुटणार नाही. तिथे शिक्षक मागणीचा प्रस्ताव हाच आराखडा. तेही नसेल तर केंद्रप्रमुखांमार्फत डाएटमधल्या अधिव्याख्यात्यांना वर्ग दाखवावा. प्रशासकीय कारवाई हा पूर्ण वेगळा मार्ग आहे. त्याचे अधिकार वेगळ्या टेबलावर असतात. त्याची धमकी या कागदाच्या आधाराने देऊ नये.

पालकांनी काय करावं, हेही विचारलं जातं. रोज संध्याकाळी मुलाला "आज बाई ओरडल्या का?" विचारू नका. मुलाला तेच सांगायची सवय लागते. त्याऐवजी गणिताची वही उघडा आणि आजच्या तारखेखाली किती उदाहरणं आहेत ते बघा. तिसरीतल्या त्याच पालकाने सप्टेंबरच्या बैठकीत हे बघून सांगितलं की पूर्वी पान अर्धं असायचं, आता दोन पानं असतात. समिती पुढच्या विषयाकडे वळली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात एक निरीक्षण पुन्हा ठेवा, कारण मोठ्या सुट्टीनंतर सवयी मोडतात. तिसरीचा आकडा ६ वर गेला होता. मॅडमनी कुणाला न विचारता दोन दिवस दारातली तालीम पुन्हा घेतली आणि तो ४ वर आला. ही तालीम कधी घ्यायची ते आता त्यांनी स्वतःच्या टाचण वहीत लिहून ठेवलंय: उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, आणि स्नेहसंमेलनानंतरचा सोमवार.